चौथऱ्यात दडलेली सावली

प्रश्न: सहावी-सातवीच्या मुलांसाठी एक छोटी गोष्ट लिहायची आहे. शाळेतली एक मुलगी स्वतःची उंची आणि सावल्या वापरून ध्वजस्तंभाची उंची काढते, एवढंच सुचलंय. पण सूत्र आलं की गोष्ट तिथंच संपते. गणित चुकायला नको आणि गोष्टही वाटली पाहिजे, तर काय करू?

उत्तर:

रीत शेवटासाठी राखून ठेवू नका. ती मुलीला सुरुवातीलाच सापडू द्या आणि मग तिचं उत्तर चुकू द्या. रीत बरोबर, गुणाकार-भागाकार बरोबर, तरीही उत्तर खांबाशी जुळत नाही, ही खरी गोष्टीची गाठ आहे. ती सोडवताना मुलीला मैदानावर परत जावं लागतं, टेप हातात घ्यावी लागते, आपण नेमकं काय मोजलं याचा विचार करावा लागतो. मी बरीच वर्षं शाळेत गणित शिकवतोय आणि मुलांसाठी अशा गोष्टीही लिहितो. या प्रयोगात मुलं जवळजवळ कधीच सूत्रात चुकत नाहीत. चुकतात ती मोजण्यात, आणि बहुतेक वेळा एकाच जागी: सावली सुरू कुठून होते, इथे.

या एका मुद्द्यावर गोष्ट उभी राहते. आधी गोष्टच सांगतो, मग त्यातल्या आकड्यांबद्दल बोलू.

शर्वरी सातवीत होती. शाळेचा ध्वजस्तंभ रंगवायचा ठरलं आणि बाईंनी वर्गात सहज विचारलं, "खांब किती उंच असेल?" कुणी सहा मीटर म्हणालं, कुणी पंधरा. दाराशी उभे असलेले शिपाईकाका म्हणाले, "आठेक मीटर असंल." बाई म्हणाल्या, "असेल नको. मोजून सांगा. पण खांबावर चढायचं नाही."

मधल्या सुट्टीत शर्वरी मैदानात गेली. हातात तीस सेंटिमीटरची पट्टी होती. पट्टी तिने जमिनीवर उभी धरली आणि अदितीला सावली मोजायला सांगितली. सावली भरली छत्तीस. मग पन्नास सेंटिमीटरची एक काठी उभी केली. तिची सावली साठ.

"प्रत्येकाची सावली त्याच्या उंचीपेक्षा थोडी मोठी आहे," अदिती म्हणाली.

"थोडी नाही गं. तीसाला छत्तीस, पन्नासाला साठ. दहाला बारा! दोन्हीकडे तेच."

"मग खांबालाही तेच असणार."

"आणि मलाही."

शर्वरी चौथऱ्यापासून लांब, मोकळ्या जमिनीवर ताठ उभी राहिली. पाय जुळवले आणि सूर्याकडे एक खांदा केला, म्हणजे सावली दुसऱ्या बाजूला पडली. अदितीने खडूने दोन खुणा केल्या, एक शर्वरीच्या पावलांशी आणि एक डोक्याच्या सावलीच्या टोकाशी. त्याच क्षणी वर्गातला तिसरा भिडू खांबाच्या सावलीच्या टोकाशी ओणवा होऊन बसला होता. अदितीने "आता!" म्हणताच त्यानेही खूण केली. ही शक्कल शर्वरीची. काठी मोजून होईतो पट्टीची सावली आधीच्या खुणेवरून मागे सरकलेली तिने पाहिली होती. सावली थांबणार नाही, पण खडूची खूण थांबते. खुणा झाल्या की मग सावकाश मोजलं तरी चालतं.

शर्वरीची सावली 170 सेंटिमीटर निघाली. खांबाची सावली चौथऱ्याच्या कडेपासून टोकाच्या खुणेपर्यंत 9 मीटर 50 सेंटिमीटर. शर्वरीची उंची मोजायची गरजच नव्हती, शाळेच्या आरोग्यपत्रिकेवर लिहिली होती: 138.

170 सेंटिमीटर सावली म्हणजे 138 उंची. मग 950 सेंटिमीटर सावली म्हणजे किती? सरळ त्रैराशिक. 950 गुणिले 138, भागिले 170. उत्तर आलं 771. सात मीटर एकाहत्तर सेंटिमीटर.

"काका, तुम्ही आठ म्हणालात. जवळच होतात," शर्वरी म्हणाली.

काकांनी खांबाकडे पाहिलं. ध्वज त्या दिवशी उतरवलेला होता. दोरी वरच्या कप्पीतून फिरून खाली आलेली आणि खुंटीला गुंडाळलेली होती. "दोरीला विचारू की," ते म्हणाले. त्यांनी दोरी सोडली. चौथऱ्यापासून बरोबर एक मीटर उंचीवर दोरीला लाल दोरा बांधला आणि दुसरी बाजू हळूहळू ओढली. लाल दोरा वर वर गेला. कप्पीला टेकणार तोच काका थांबले. ओढून खाली आलेली दोरी अदितीने टेपने मोजली. 7 मीटर 14 सेंटिमीटर.

शर्वरीने मनातल्या मनात बेरीज केली. सात चौदा आणि खालचा एक मीटर. कप्पीच 8 मीटर 14 सेंटिमीटरवर होती. तीही चौथऱ्यापासून. आणि खांब तर कप्पीच्याही वर गेलेला होता, त्याच्या टोकावर पितळी गोळा होता.

"आपला खांब त्याच्याच कप्पीपेक्षा बुटका आहे," अदिती म्हणाली.

कुणी हसलं नाही. शर्वरीने गुणाकार पुन्हा केला. तेच उत्तर. तिसऱ्यांदा करायला वही उघडली आणि मिटली. बेरीज-गुणाकार कितीदाही केला तरी तोच येणार होता. चूक वहीत नव्हती.

ती आपल्या खडूच्या खुणांपाशी जाऊन उभी राहिली. ऊन वर आलं होतं, आताची तिची सावली जुन्या खुणेपर्यंत पोचत नव्हती. पण सावली अजूनही तिच्या पावलांपासूनच निघत होती. पावलांवर ती, तिच्या वर डोकं. मग तिने खांबाकडे पाहिलं. खांबाची सावली खांबाच्या बुडापासून निघत होती, चौथऱ्यावरून जात होती, पायऱ्यांवरून मोडत मोडत उतरत होती आणि मग जमिनीवर येत होती. तिने मोजली होती ती फक्त जमिनीवरची.

"अदिती, माझी सावली आपण माझ्या पायांपासून मोजली. खांबाची मात्र त्याच्या पायांपासून नाही मोजली."

टोकाच्या खुणेपासून खांबाच्या बुडापर्यंत त्यांनी दोरी ताणली. पायऱ्यांवर टेप टेकवून चालणार नव्हतं, तशी ती वर-खाली झाली असती. अदितीने चौथऱ्याच्या कडेला पट्टी उभी धरली आणि शर्वरीने खांबाच्या मध्यापासून त्या पट्टीपर्यंत टेप आडवी, सपाट धरली. 1 मीटर 30 सेंटिमीटर. चौथरा चारही बाजूंनी 2 मीटर 40 सेंटिमीटरचा होता, म्हणून अदिती आधी "अर्धा धर, एक वीस" म्हणत होती. पण सावली चौथऱ्याच्या कडेला काटकोनात कापत नव्हती, तिरकी जात होती. म्हणून दहा सेंटिमीटर जास्त.

9 मीटर 50 आणि 1 मीटर 30. दहा मीटर ऐंशी.

"आणि तुझी उंची?" बाईंनी विचारलं. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या ते कळलंच नव्हतं. "पत्रिकेवरची उंची कधी मोजली होती?"

"शाळा सुरू झाली तेव्हा."

"बूट घालून?"

शर्वरी भिंतीला पाठ लावून उभी राहिली, बुटांसकट. अदितीने तिच्या डोक्यावर वही आडवी ठेवली आणि भिंतीवर रेघ मारली. 142.

1080 गुणिले 142, भागिले 170. उत्तर 902. नऊ मीटर दोन सेंटिमीटर, जमिनीपासून. चौथरा 60 सेंटिमीटर उंच. तो वजा केला की चौथऱ्याच्या वर खांब 8 मीटर 42. कप्पी 8 मीटर 14 वर. काकांनी खालून बघून हाताने दाखवलं, कप्पीपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत एवढं, साधारण पंचवीस सेंटिमीटर.

"आठ एकोणचाळीस," शर्वरी म्हणाली. "आणि सावली म्हणते आठ बेचाळीस."

"मग रंग कितीचा आणू?" काकांनी विचारलं.

इथे मी गोष्ट थांबवतो. आता आकड्यांकडे वळू, कारण तुम्ही स्वतःचे आकडे घालाल तेव्हा गोष्ट कुठे फसू शकते हे माहीत असलेलं बरं.

पहिल्या आणि शेवटच्या उत्तरात 131 सेंटिमीटरचा फरक आहे. त्यातले साधारण 105 चौथऱ्याने खाल्ले आणि 25 जुन्या उंचीने. दोन्ही चुका उत्तर कमी करणाऱ्या आहेत, हे मी मुद्दाम केलं. एक चूक वाढवणारी आणि एक कमी करणारी ठेवली तर त्या एकमेकींना झाकतात आणि मुलीला संशयच येत नाही. प्रत्यक्षात असं होतं, पण छोट्या गोष्टीत त्याने वाचक गोंधळतो.

चौथऱ्याच्या चुकीला इतकी जागा देण्याचं कारण आहे. सावलीचा त्रिकोण उभा राहतो तो टोकाच्या बरोबर खाली, ओळंब्यात येणाऱ्या बिंदूपासून. खांब उघड्या जमिनीत रोवलेला असेल तर तो बिंदू दिसतो. चौथरा, कुंडी, कुंपण आलं की तो लपतो आणि आपण दिसणाऱ्या कडेपासून मोजायला लागतो. प्राचीन ग्रीक गणितज्ञ थेल्सने इजिप्तचे पिरॅमिड सावलीवरून मोजले अशी आख्यायिका आहे. एका कथेत तो स्वतःची सावली स्वतःएवढी होईपर्यंत थांबतो, दुसरीत काठी रोवतो. पण अडचण दोन्हीकडे हीच. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडची उंची मुळात साधारण 146 मीटर आणि पायाची बाजू साधारण 230 मीटर. म्हणजे शिखराखालचा बिंदू कडेपासून 115 मीटर आत, दगडांच्या पोटात. सावली आणि उंची सारखी होण्याच्या वेळी, सावली बाजूला काटकोनात पडत असेल तर, बाहेर जमिनीवर दिसते ती फक्त एकतीसेक मीटर. बाकीची पिरॅमिडच्याच अंगावर असते. तुमच्या मुलीने हा प्रसंग वर्गात ऐकलेला असेल तर चौथऱ्यापाशी तिला तो आठवू शकतो. मात्र बाईंनी तो सांगून उत्तर सुचवू नये.

हीच चूक छोट्या रूपात मुलीच्या पायाशीही होते, म्हणून मी तिला सूर्याकडे खांदा करून उभं केलं. सूर्याकडे पाठ करून उभं राहिलं तर पाऊल सावलीच्या दिशेत लांब पडतं. मग सावली टाचेपासून मोजायची की अंगठ्यापासून? डोक्याचा मध्य साधारण पावलाच्या मध्यावर येतो. टाचेपासून मोजली तर आठ-दहा सेंटिमीटर जास्त भरतात. 170 च्या जागी 180 आले तर खांब 9 मीटर 2 च्या ऐवजी 8 मीटर 52 होतो. पावलाच्या अर्ध्या लांबीने खांब अर्ध्या मीटरने बुटका! खांदा सूर्याकडे असेल तर पावलं सावलीला आडवी येतात आणि ही भानगड जवळजवळ मिटते.

मुलं खांबाची लांब सावली फार जपून मोजतात आणि स्वतःची उंची, सावली घाईत उरकतात. खरं म्हणजे उलट हवं. वरच्या आकड्यांत खांबाच्या सावलीत एक सेंटिमीटर चुकला तर उत्तरात एकाही सेंटिमीटरचा फरक पडत नाही. मुलीच्या सावलीत एक चुकला तर उत्तर पाच सेंटिमीटरने हलतं, आणि तिच्या उंचीत एक चुकला तर सहाने. खांब तिच्यापेक्षा सहा-साडेसहा पट उंच आहे, म्हणून तिच्या बाजूची चूक तितक्याच पटीने मोठी होऊन येते. बुटांचा प्रश्नही यातलाच. सावली बुटांसकट पडते, तर उंचीही बुटांसकट घ्यायची. उंच बांधलेला अंबाडा असेल तर तोही मोजायचा, नाहीतर सोडायचा.

आता सावलीच्या टोकाबद्दल. गोष्टीत मी तिसऱ्या भिडूला टोकाशी ओणवा बसवलं, ते उगाच नाही. खांबाचं टोक स्पष्ट दिसत नाही. सूर्य म्हणजे ठिपका नाही. आपल्याला तो साधारण अर्धा अंश रुंद दिसतो, त्यामुळे प्रत्येक सावलीची कड थोडी विरलेली असते आणि वस्तू जितकी दूर तितकी जास्त विरते. एखाद्या नळीची गडद सावली तिच्या जाडीच्या साधारण 107 पट अंतरापर्यंतच टिकते. खांबाचं वरचं टोक पाच सेंटिमीटर जाड असेल तर पाच-सव्वापाच मीटरनंतर त्याची सावली फक्त फिकट पट्टा उरते. आपल्या गोष्टीत टोकापासून जमिनीपर्यंतचा किरण चौदा मीटर लांब आहे. तिथे गोळ्याची सावलीसुद्धा फिकट डाग असते आणि तिची कड वीसेक सेंटिमीटरमध्ये हळूहळू विरते. मुलीच्या डोक्याच्या सावलीची कड मात्र तीनेक सेंटिमीटरमध्येच संपते. म्हणून खांबाचं टोक बहुतेक वेळा अलीकडेच धरलं जातं आणि उत्तर कमी येतं.

यावर दोन सोपे उपाय आहेत. जिथे टोक असेलसं वाटतं तिथे पांढरा कागद पसरायचा. मातीवर न दिसणारा डाग कागदावर दिसतो. आणि कुणीतरी खाली दोरी हलकेच हलवायची. दोरीची सावली थरथरते आणि नजर तिच्यामागे कप्पीपर्यंत जाते, गोळा तिथून जरा पुढे. डाग सापडला की त्याच्या मध्यावर खूण करायची. म्हणूनच गोष्टीत शर्वरीने उंची गोळ्याच्या मध्याशी ताडून पाहिली, वरच्या टोकाशी नाही.

खुणा एकाच क्षणी करण्याचा प्रसंग मात्र कापू नका, गोष्ट लांबली तरी. गोष्टीतल्या वेळी सूर्य क्षितिजापासून चाळीसेक अंशांवर आहे. सकाळी दहा मिनिटांत तो दोनेक अंश चढला तर शर्वरीची सावली 170 वरून 158 च्या आसपास येते. खांबाची खूण आधी आणि तिची नंतर केली असती तर खांब एकदम सत्तर सेंटिमीटरने उंच निघाला असता. दुपारच्या आसपास सावलीची लांबी सावकाश बदलते, पण तेव्हा ती आखूड असते आणि आखूड सावलीत मोजण्यातली चूक जास्त बोचते. सूर्य पस्तीस ते पन्नास अंशांवर असताना, म्हणजे सावली उंचीच्या थोडी मागे-पुढे असताना, हा प्रयोग सगळ्यात बरा होतो.

"पण मुलीची आणि खांबाची सावली सारख्याच प्रमाणात का?" असा प्रश्न एखादा वाचक विचारेल. समरूप त्रिकोण हा शब्द गोष्टीत आणायची गरज नाही, पट्टी आणि काठीचा प्रसंग तेच काम करतो. सूर्य सुमारे 15 कोटी किलोमीटर दूर आहे, त्यामुळे मैदानाच्या या टोकाला आणि त्या टोकाला त्याचे किरण एकाच तिरपेपणाने येतात. उभी वस्तू, सपाट जमीन आणि तोच तिरपेपणा, म्हणजे त्रिकोणाचा आकार तोच, फक्त लहान-मोठा. गोष्ट चुकूनही रात्री दिव्याखाली नेऊ नका. दिवा जवळ असतो, त्याचे किरण पसरतात, आणि दिव्यापासून दोन पावलं दूर गेलं की तीच पट्टी वेगळी सावली देते. दुसरी गोष्ट कधी लिहिलीत तर तिथे हे छान वापरता येईल.

आकडे तुमचे घ्या, पण एवढं करा. आधी खांबाची खरी उंची ठरवा, मग सूर्याचा तिरपेपणा, आणि त्यावरून सावल्या काढा. उलट, मनाला येतील तसे सावल्यांचे आकडे लिहिले की दोरीची मोजणी कधीच जुळत नाही. 902 सारखं खडबडीत उत्तर येऊ द्या. अगदी नऊ मीटर आलं तर मुलांना ते पुस्तकातलं गणित वाटतं. दोरी आणि सावली यांत तीनेक सेंटिमीटरचा फरकही राहू द्या. खडूची जाड रेघ, विरलेलं टोक आणि काकांनी अंदाजाने दाखवलेले पंचवीस सेंटिमीटर पाहता तेवढा फरक यायलाच हवा.

तुमच्या शाळेच्या मैदानाला उतार असेल तर घाबरू नका. उतार सगळीकडे सारखा असेल, मुलगीही त्याच उतारावर उभी असेल आणि खांबासारखी सरळ उभी असेल, तर प्रमाण तसंच राहतं, कारण दोन्ही त्रिकोण सारखेच कलतात. बिघडतं ते खांबाची सावली उतारावर आणि मुलगी सपाटीवर असेल तेव्हा. मग तिला चार पावलं चालवून खांबाच्या सावलीशेजारी आणून उभं करा.